मेलमध्ये माझा खरा पासवर्ड आहे, म्हणजे कॉम्प्युटर हॅक झालाय का?

प्रश्न: मला माझ्याच ईमेल पत्त्यावरून एक इंग्रजी मेल आलाय. विषयाच्या ओळीतच Rajgad@2011 असं लिहिलंय आणि तो खरंच माझा पासवर्ड आहे, पूर्वी बऱ्याच ठिकाणी वापरायचो. म्हणतोय की तुझा कॉम्प्युटर हॅक केलाय, नको त्या साइटवर असताना कॅमेऱ्यातून तुझा व्हिडिओ काढलाय, ४८ तासांत १२०० डॉलरचे बिटकॉइन दिले नाहीस तर सगळ्या ओळखीच्यांना पाठवीन. मेल ऑफिसच्या पत्त्यावर आलाय. दोन रात्री झोप नाही. हे खरं असू शकतं का? पैसे देऊन मोकळं व्हावं का?

उत्तर:

पैसे देऊ नका, त्याला उत्तर पाठवू नका, मेलमधली कुठलीही लिंक किंवा जोडलेली फाईल उघडू नका. मेल डिलीटही करू नका, तो पुढे लागणार आहे. तुम्ही सांगताय तो मेल ठराविक साच्याचा आहे आणि जुलै २०१८ पासून जगभर फिरतोय. रक्कम बदलते, मुदत कधी २४ तास तर कधी ५० तास असते, भाषा जरा सुधारते किंवा बिघडते, पण सांगाडा तोच राहतो. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये याच प्रकारच्या मेलबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. व्हिडिओ नाही, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तो शिरलेलाही नाही. त्याच्याकडे आहे ती तुमच्या पत्त्याची आणि एका जुन्या पासवर्डची जोडी, तेवढीच.

पण मी नुसतं म्हणतो म्हणून तुमची झोप परत येणार नाही, हे मला माहीत आहे. पतसंस्था, शाळा आणि लहान कारखाने यांचे मेल सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, आणि असा मेल घेऊन येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: मग पासवर्ड त्याला कळला कसा? म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लिंक्डइनचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळा प्रवास स्पष्ट दिसतो. २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सर्व्हरवरून पासवर्ड चोरीला गेले. जून २०१२ मध्ये त्यातले सुमारे ६५ लाख उघड झाले आणि लोकांना वाटलं प्रकरण तेवढंच आहे. मे २०१६ मध्ये कळलं की प्रत्यक्षात १६ कोटी ४० लाखांहून जास्त खात्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड गेले होते आणि ते विकायला निघाले होते. म्हणजे चार वर्षं ही यादी कुणाच्या तरी हातात होती आणि खातेदारांना पत्ताही नव्हता.

हे पासवर्ड सर्व्हरवर जसेच्या तसे लिहिलेले नव्हते. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून त्याचा एक ठसा बनवतात, त्याला हॅश म्हणतात, आणि साठवला जातो तो हा ठसा. ठशावरून उलटं मूळ अक्षरांकडे जाता येत नाही. मात्र अंदाज करता येतो: एक शब्द घ्यायचा, त्याचा ठसा काढायचा, चोरलेल्या ठशांशी जुळतो का पाहायचं, नाही जुळला की पुढचा शब्द. यापासून संरक्षण म्हणून प्रत्येक खात्याच्या पासवर्डमध्ये वेगळी काही अक्षरं मिसळून मग ठसा काढायचा असतो. लिंक्डइनने तेव्हा ती मिसळली नव्हती आणि वापरलेली SHA-1 ही पद्धत फार वेगवान आहे, त्यामुळे एक अंदाज एकाच वेळी कोट्यवधी ठशांशी ताडून पाहता येत होता. तुमचा पासवर्ड पाहा. एका किल्ल्याचं नाव, पहिलं अक्षर मोठं, मग @, मग वर्ष. पासवर्ड फोडणारी सॉफ्टवेअर नेमकी याच क्रमाने अंदाज करतात: ओळखीचा शब्द, एखादं चिन्ह, चार आकडे. असा पासवर्ड फुटायला कुणी तुमच्या मागावर असण्याची गरज नसते.

तुमचा पासवर्ड लिंक्डइनवरूनच गेला असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये अडोबीची सुमारे १५ कोटी खाती गेली. आपल्याकडची गोष्ट म्हणजे बिगबास्केटची सुमारे २ कोटी खाती, २०२० मध्ये चोरीला गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये उघड्यावर आली. तुम्ही म्हणता तो पासवर्ड बऱ्याच ठिकाणी होता, तेव्हा त्यातली एक साइट फुटली तरी पुरे. पुढे असे वेगवेगळे साठे एकत्र करून मोठ्या याद्या बनवल्या जातात. जानेवारी २०१९ मध्ये ‘कलेक्शन वन’ नावाची अशी एक यादी सापडली, तिच्यात ७७ कोटींहून जास्त वेगवेगळे ईमेल पत्ते होते. या याद्या म्हणजे साध्या मजकुराच्या फायली असतात. एका ओळीत पत्ता, मध्ये विसर्गासारखं दिसणारं कोलन चिन्ह, पुढे पासवर्ड. कुठली ओळ कुठल्या साइटवरून आली हेही बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, आणि म्हणूनच मेल लिहिणारा तुम्हाला ‘हा तुझा पासवर्ड आहे’ एवढंच सांगतो. कशाचा पासवर्ड, ते त्यालाही माहीत नसतं. तुमचा मेल पुन्हा उघडून ही गोष्ट तपासा. कुठल्या खात्याचा पासवर्ड, हे त्याने एकदाही लिहिलेलं नसणार.

यादीपासून तुमच्या इनबॉक्सपर्यंतचं काम माणूस करत नाही. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये फोर्पीएक्स नावाच्या बॉटनेटबद्दल जे प्रसिद्ध केलं ते यासाठी वाचण्यासारखं आहे. बॉटनेट म्हणजे व्हायरस लागलेल्या हजारो कॉम्प्युटरचं जाळं, आणि ते कॉम्प्युटर तुमच्या-माझ्यासारख्यांचेच असतात. त्या प्रत्येकावर बसलेला प्रोग्रॅम पत्ता-पासवर्डची यादी खाली उतरवून घ्यायचा, ठरलेल्या वाक्यांत त्या दोन गोष्टी भरायचा आणि पाठवून द्यायचा. वेग तासाला ३० हजार मेलपर्यंत, आणि एका मोहिमेचं लक्ष्य २ कोटी ७० लाख लोकांपर्यंत. तुमचा मेल पाठवताना तुमचं नाव वाचणारं कुणीही तिथे नव्हतं. लग्नपत्रिका एकच छापून पाकिटावर नाव तेवढं बदलावं, तसा हा प्रकार.

आता मेल समोर घ्या आणि एकेक वाक्य वाचताना स्वतःला विचारा: हे वाक्य मला ओळखत नसलेला माणूसही लिहू शकला असता का? हा एकच प्रश्न पुरतो. ‘तुझे सगळे कॉन्टॅक्ट माझ्याकडे आहेत’ असं तो म्हणतो, पण त्यातलं एक नाव लिहीत नाही. खरंच यादी असती तर घाबरवायला त्याने तुमच्या साहेबांचं किंवा मेहुण्यांचं नाव पहिल्या ओळीत टाकलं असतं. ‘व्हिडिओ आहे’ म्हणतो, त्यातलं एक चित्र जोडत नाही. पैसे उकळायचे असणाऱ्या माणसाला एक चित्र जोडणं हा सगळ्यात सोपा आणि खात्रीचा उपाय असतो, आणि तोच तो टाळतो. ‘डिव्हाइस’ म्हणतो, पण ते विंडोजचं आहे की फोन हे सांगत नाही. ‘नको त्या साइटवर’ म्हणतो, साइटचं नाव आणि तारीख देत नाही. कॅमेऱ्याबद्दलही असंच. माझ्याकडे एका पतसंस्थेतले लेखापाल असाच मेल छापून घेऊन आले होते. घाबरून त्यांचा आवाज निघत नव्हता. ज्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून त्यांचा ‘व्हिडिओ’ काढला होता त्याला कॅमेराच नव्हता. मेलमधला पासवर्ड पाहून ते इतके हादरले होते की हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांच्याही मेलवर पाठवणारा म्हणून त्यांचाच पत्ता होता, तुमच्यासारखा. ‘बघ, मी तुझ्या खात्यातूनच तुला लिहितोय’ असं वाक्यही होतं. याने लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून हे नीट समजून घ्या. मेलवरचं ‘From’ हे पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असतं. ईमेलची मूळ रचना करताना ते तपासण्याची सोयच ठेवलेली नव्हती, तपासणीच्या पद्धती नंतर वरून जोडल्या गेल्या. त्या तपासणीचा निकाल मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदींमध्ये, लिहिलेला असतो. तुमच्या ऑफिसचा मेल जीमेलच्या रूपात दिसत असेल तर मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि Show original निवडा. इतर ठिकाणी View source किंवा Message headers असं काहीतरी असतं. त्या लेखापालांच्या मेलचं हेडर साधारण असं होतं, डोमेन आणि आयपी पत्ता मी बदललाय:

```
Return-Path: <accounts@example.org>
Received: from unknown (203.0.113.45)
Authentication-Results: mx.example.org;
  spf=fail smtp.mailfrom=accounts@example.org;
  dkim=none;
  dmarc=fail header.from=example.org
From: <accounts@example.org>
To: <accounts@example.org>
```

यातली Authentication-Results ही ओळ महत्त्वाची. या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे याची यादी डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली असते, आणि spf=fail म्हणजे हा मेल त्या यादीबाहेरच्या ठिकाणाहून आला. dkim=none म्हणजे संस्थेच्या सर्व्हरची सही मेलवर नाही. dmarc=fail म्हणजे या दोन्ही तपासण्यांतली एकही ‘From’ मधल्या नावाला दुजोरा देत नाही. थोडक्यात, मेल संस्थेच्या खात्यातून निघालेलाच नव्हता. बाहेरच्या एका कॉम्प्युटरने पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव लिहिलं होतं. खातं खरंच त्याच्या ताब्यात असतं आणि त्याने तिथूनच मेल पाठवला असता, तर spf आणि dkim दोन्हीसमोर pass दिसलं असतं.

मग असा मेल इनबॉक्सपर्यंत पोचलाच कसा? कारण संस्थेच्या डोमेनवर अशा मेलचं काय करायचं याचा नियम लावलेलाच नव्हता. dmarc चा नियम p=none असा असेल तर तपासणीत नापास झालेला मेलही आत सोडला जातो, फक्त नोंद होते. तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांना हे हेडर दाखवा आणि नियम आधी p=quarantine, आणि काही आठवडे खरे मेल अडकत नाहीत हे पाहून मग p=reject करायला सांगा. एकदम reject लावलं तर पगाराच्या पावत्या किंवा वर्गणीच्या सूचना पाठवणारी बाहेरची सेवा बंद पडू शकते. म्हणून आधी त्या सगळ्या सेवा परवानगीच्या यादीत घालून घ्याव्या लागतात.

हेडर पाहताना दोन ठिकाणी लोकांची गफलत होते. त्यातला आयपी पत्ता शोधून ‘चोर सापडला’ असं समजू नका. वर सांगितलं तसं, तो बहुधा व्हायरस लागलेल्या एखाद्या निरपराध माणसाचा कॉम्प्युटर असतो. आणि ‘माझ्या Sent मध्येही तो मेल दिसतोय, म्हणजे खातं फुटलंय’ हा निष्कर्षही घाईचा असतो. एप्रिल २०१८ मध्ये जीमेलच्या अनेक लोकांना स्वतः न पाठवलेले स्पॅम मेल Sent मध्ये दिसत होते. हेडर बनावट केल्याने ते तिथे जाऊन बसत होते, खाती शाबूत होती. निर्णय हेडरवरून करा, फोल्डरवरून नको.

आणखी एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला काहीही तांत्रिक ज्ञान लागत नाही. मेल कॉम्प्युटरवर उघडा, Ctrl आणि F दाबा आणि bitcoin टाइप करा. डोळ्यांना शब्द समोर दिसत असतो, पण बऱ्याचदा ब्राउझर सांगतो की असा शब्द या पानावर नाही. कारण त्यातलं o किंवा c हे अक्षर रशियन लिपीतलं असतं, दिसायला हुबेहूब तसंच. किंवा अक्षरांच्या मधे न दिसणारी चिन्हं घातलेली असतात. किंवा सगळा मजकूर म्हणजे एक चित्र असतं. हे सगळं स्पॅम फिल्टर चुकवण्यासाठी. ज्याने तुमच्या कॉम्प्युटरवर ताबा मिळवलाय, जो तुम्हाला एकट्याला लिहितोय, त्याला फिल्टरची भीती कशाला वाटेल? तो सरळ तुमच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडून लिहू शकतो. फिल्टर चुकवायची गरज लाखोंनी मेल पाठवणाऱ्यालाच पडते. शब्द सापडला तर मेल खरा, असं मात्र नाही. काही मोहिमांत मजकूर साधाच ठेवलेला असतो.

‘या मेलमध्ये एक खास पिक्सेल आहे, तू वाचलास हे मला कळलंय, आता वेळ सुरू’ हे वाक्य तुमच्या मेलमध्ये असेल तर तेही तपासून पाहता येतं. मेल उघडल्याचं कळवणारं बारीक चित्र ही खरी गोष्ट आहे, जाहिरातवाले ते रोज वापरतात. पण त्यासाठी मेल एचटीएमएलमध्ये असावा लागतो आणि त्यात बाहेरून येणारं चित्र असावं लागतं. Show original मध्ये Content-Type: text/plain एवढंच असेल तर त्यात असं चित्र असूच शकत नाही आणि ४८ तासांचं घड्याळ कुठेही चालू झालेलं नाही.

बिटकॉइनचा पत्ताही बरंच सांगतो. तो कॉपी करा आणि कुठल्याही सर्च इंजिनमध्ये किंवा chainabuse.com वर टाका. अनेकदा त्याच पत्त्याबद्दल इतर लोकांनी केलेल्या तक्रारी समोर येतात, हाच मजकूर, दुसऱ्या कुणाचा तरी पासवर्ड. मग हा विचार करा: एकच पत्ता हजारो लोकांना दिलाय आणि बिटकॉइनच्या व्यवहारात पाठवणाऱ्याचं नाव नसतं, तर पैसे कुणी दिले हे त्याला कळणार कसं? ‘पैसे मिळाले की तुझा व्हिडिओ पुसेन’ हे वचन त्याला पाळायचं म्हटलं तरी पाळता येत नाही, कारण पुसायला कुणाचा ते माहीत नाही आणि पुसायला काही नाहीही. काही मोहिमा प्रत्येकाला वेगळा पत्ता देतात, तेव्हा शोधून काही मिळालं नाही तर घाबरू नका. बाकीच्या खुणा तशाच लागू राहतात.

आता ज्याची खरी काळजी करायला हवी त्याकडे येतो. मेल खोटा असला तरी पासवर्ड खरा आहे, आणि ती यादी फक्त धमकीचे मेल पाठवणाऱ्यांकडे नाही. त्याच जोड्या घेऊन दुसरे लोक ईमेल, खरेदीच्या साइट, सोशल मीडिया अशा शेकडो ठिकाणी आपोआप लॉगिन करून पाहतात. Rajgad@2011 आज कुठेही चालू असेल तर ते दार उघडं आहे. Rajgad@2024 असेल तरीही, कारण वर्ष बदलून पाहणं हा त्या सॉफ्टवेअरचा पहिलाच प्रयत्न असतो. ईमेलपासून सुरुवात करा, ऑफिसचा आणि वैयक्तिक दोन्ही. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात, त्यामुळे ते एक सुरक्षित झालं की निम्मं काम होतं. नवा पासवर्ड पूर्णपणे वेगळा ठेवा, पासवर्ड मॅनेजरने बनवलेला असेल तर उत्तम, आणि दुहेरी पडताळणी लावा. त्याच वेळी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होत नाहीत ना आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हे पाहा. मग नेटबँकिंग, खरेदी, बाकीची खाती.

कुठे कुठे हा पासवर्ड आहे हे आठवत नसेल तर क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड passwords.google.com वर दिसतात. तिथला Password Checkup फुटलेले आणि पुन्हापुन्हा वापरलेले पासवर्ड वेगळे काढून दाखवतो. आणि haveibeenpwned.com वर तुमचा ईमेल पत्ता टाकून पाहा. सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही साइट तुमचा पत्ता कोणकोणत्या गळतीत सापडला ते सांगते. त्याच ठिकाणी पासवर्ड तपासायची वेगळी सोय आहे. तिथे पासवर्ड टाकायला लोक कचरतात आणि ते योग्यच आहे, पण ती बांधलीय विचारपूर्वक: तुमचा ब्राउझर पासवर्डचा ठसा काढतो, त्यातली फक्त पहिली ५ अक्षरं पाठवतो, तिकडून त्या ५ अक्षरांनी सुरू होणारे सगळे फुटलेले ठसे येतात आणि जुळणी तुमच्याच कॉम्प्युटरवर होते. पूर्ण पासवर्ड कुठेही जात नाही. तरी मनाला पटत नसेल तर फक्त तो जुना पासवर्ड टाकून पाहा, चालू असलेला नको. साइटवर काही सापडलं नाही म्हणजे गळती झालीच नाही, असं मात्र समजू नका. सगळ्या गळत्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

एवढं सगळं सांगून मी हेही सांगायला हवं की माझं ‘खोटं आहे’ हे उत्तर कुठल्या परिस्थितीत लागू होत नाही. मेलमधला पासवर्ड तुम्ही अलीकडे बनवलेला असेल, फक्त एकाच साइटवर असेल, तर तो जुन्या यादीतून आलेला नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे व्हायरस असतात, त्यातले बरेच फुकटात मिळवलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून आणि गेमच्या क्रॅकमधून शिरतात. एकापेक्षा जास्त चालू पासवर्ड मेलमध्ये असतील, किंवा तुमच्या डेस्कटॉपचं खरं चित्र जोडलेलं असेल, तर शंका पक्की धरा. अशा वेळी त्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलू नका, नवेही चोरले जातील. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला आणि प्रत्येक खात्यात ‘सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट’ करा. हे व्हायरस लॉगिनची कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय ही ब्राउझरने ठेवलेली खूण, तीही नेतात आणि ती चालू असेपर्यंत पासवर्ड बदलूनही चोर आत राहू शकतो. मग त्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाका.

दुसरी परिस्थिती म्हणजे अनोळखी व्यक्तीबरोबर झालेला व्हिडिओ कॉल, ज्याचं समोरच्याने रेकॉर्डिंग केलंय. तो वेगळा गुन्हा आहे, तिथे चित्र खरं असतं आणि मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर, यूपीआयने येते. तिथेही पैसे देऊ नका, कारण पहिल्या रकमेनंतर मागणी वाढत जाते. पण तिथे वाट न पाहता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, आणि चित्रं पसरू नयेत म्हणून stopncii.org वर नोंद करा. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी takeitdown.ncmec.org आहे. तुमच्या प्रश्नात असं काही नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्याच्या बाबतीत असू शकतं.

मेलमधली लिंक किंवा जोडलेली फाईल उघडू नका असं मी सुरुवातीला म्हटलं, त्याचं कारणही ऐका. डिसेंबर २०१८ मध्ये प्रूफपॉइंट कंपनीने याच साच्यातले असे मेल उघड केले, ज्यात ‘तुझा व्हिडिओ इथे पाहा’ अशी लिंक होती. ती उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधी पासवर्ड चोरणारा अ‍ॅझोरल्ट आणि त्यामागून फायली कुलूपबंद करणारा गँडक्रॅब उतरत होता. म्हणजे जो हॅक झाला नव्हता तो खात्री करायला गेला आणि तिथे हॅक झाला.

आणि एक गोष्ट अवघड वाटली तरी सांगतो. तुम्ही कधी तशा साइट पाहिल्याही असतील. या मेलचा सगळा जोर त्याच लाजेवर आहे, कारण इतक्या लोकांना मेल गेल्यावर त्यातल्या अनेकांनी त्या पाहिलेल्या असणारच, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं. पाहिल्या असल्या तरी वरच्या तपासणीत काहीही बदलत नाही. दोन रात्री तुम्ही एकट्याने काढल्यात. आज घरी बायकोला किंवा विश्वासाच्या एका माणसाला मेल दाखवा. पैसे पाठवणारे माझ्याकडे आले तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी आधी कुणालाही विचारलेलं नव्हतं.

तक्रार जरूर करा. cybercrime.gov.in वर ऑनलाइन नोंदवता येते किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये खंडणीचा गुन्हा येतो, पैसे दिलेले नसले तरी धमकी देऊन ते मागण्याचा प्रयत्नही त्याच कलमात आहे. सोबत मेलचा फोटो पुरेसा नाही, त्यात हेडर नसतं. Show original च्या पानावरून Download original करा, जी .eml फाईल मिळेल ती जोडा, आणि बिटकॉइनचा पत्ता टाइप न करता कॉपी करून द्या, एक अक्षर चुकलं तरी तो निरुपयोगी होतो. तुम्ही किंवा ओळखीच्या कुणी आधीच पैसे पाठवले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. गेलेले बिटकॉइन उलटे फिरवता येत नाहीत, पण भारतीय एक्सचेंजवरून घेतले असतील तर बँकेच्या आणि एक्सचेंजच्या टप्प्यावर काही अडवता आलं तर ते पहिल्या काही तासांतच.

४८ तास उलटल्यावर काहीही होणार नाही. पण काही महिन्यांनी असाच मेल पुन्हा येईल, दुसऱ्या रकमेचा, कदाचित तुमचा मोबाइल नंबरही घातलेला, कारण अलीकडच्या गळत्यांत नंबरही असतात. यादीतून तुमची ओळ काढता येत नाही. तो जुना पासवर्ड सगळीकडून बदलून झाला की जीमेलमध्ये एक फिल्टर बनवा: Has the words मध्ये Rajgad@2011 लिहा आणि पुढे Delete it निवडा. मजकुराशी केलेली अक्षरांची खेळी बहुतेक वेळा पासवर्डपर्यंत येत नाही, तो जसाच्या तसा दिसला तरच त्यांचं काम होतं, त्यामुळे बरेचसे मेल इनबॉक्समध्ये येण्याआधीच कचऱ्यात जातील. ज्यात पासवर्डच नसेल असा एखादा यातून सुटून आलाच, तर जीमेलमधलं Report phishing दाबा.